‘नंतर’च्या बटणामागे: अपडेटचा रिमाइंडर बदलतानाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

आमच्या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरची ४.२.१ ही आवृत्ती नोव्हेंबरात बाहेर पडली. तिच्यात नवीन सोय कुठलीच नव्हती, फक्त एक दुरुस्ती होती. कुणी मुद्दाम बिघडवलेली फाइल पाठवली आणि ती उघडली गेली, तर त्या फाइलमधला कोड वापरणाऱ्याच्या संगणकावर चालू शकत होता. ते भोक आम्ही बुजवलं. आज तीन महिने होत आले तरी बरेच संगणक अजून ४.२.० वरच आहेत. रोज सकाळी पडद्यावर चौकट येते, रोज ‘नंतर’ दाबलं जातं आणि भोक उघडंच राहतं.

बैठकीत पहिली सूचना आली ती अपेक्षित होती: चौकट मोठी करा, लाल करा, दिवसातून तीनदा दाखवा. मी म्हटलं, आधी लॉग बघू. लोक वाचून नकार देतात की न वाचताच, हे माहीत नसताना रंग बदलून हाती काय लागणार?

वापराची नोंद पाठवायला ज्यांनी परवानगी दिली आहे त्यांच्यापैकी एका संगणकाचा हा तुकडा:

```
Mon 09:14:02  prompt_shown  4.2.1
Mon 09:14:03  clicked       later
Mon 09:14:05  file_open
Tue 09:09:47  prompt_shown  4.2.1
Tue 09:09:48  clicked       later
Tue 09:09:51  file_open
```

पुढचे दिवसही असेच. चौकट दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत एक सेकंद, आणि लगेच फाइल उघडलेली. दोन ओळींचा मजकूर आणि दोन बटणं एका सेकंदात वाचून होत नाहीत. हा माणूस अपडेटला नकार देत नाहीये, तो फाइलकडे निघालाय आणि वाटेत आलेली वस्तू बाजूला सारतोय. बटणाची जागा त्याच्या हाताला पाठ झाली आहे.

म्हणजे ‘नंतर’ किती वेळा दाबलं याची मोजणी आपल्याला फारसं काही सांगत नाही. चौकट किती वेळ समोर होती, ते बघायला हवं. दीड-दोन सेकंदांच्या आत गेलेली चौकट ‘दाखवली’ म्हणून मोजायचीच नाही, असं ठरवलं.

५ फेब्रुवारी

जुन्या आवृत्तीवर अडकलेले सगळे एकाच कारणाने अडकलेले नाहीत. आज त्यांना वेगळं केलं आणि डोळे उघडले.

एक गट रोज चौकट पाहतो आणि रोज पुढे ढकलतो. आपण समजत होतो ते हेच लोक. दुसऱ्या गटाला चौकट कधी दिसलेलीच नाही. आमचा प्रोग्रॅम अपडेट आहे का ते फक्त सुरू होताना तपासतो. पण लॅपटॉप वापरणारे बरेच जण संध्याकाळी झाकण मिटतात आणि सकाळी उघडतात. प्रोग्रॅम बंदच होत नाही, त्यामुळे ‘सुरू होताना’ हा क्षण आठवडेच्या आठवडे उगवत नाही. या मंडळींना आळशी म्हणणं अन्यायाचं आहे, त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

तिसरा गट छोटा पण चिवट. त्यांनी ‘अपडेट करा’ दाबलेलं आहे, काहींनी तर अनेकदा, आणि दर वेळी काम मध्येच अडलं आहे. डिस्कवर जागा नाही, किंवा इन्स्टॉल करण्याचा अधिकार त्यांच्या खात्याला नाही. अशा माणसाला आणखी ठळक स्मरण देणं म्हणजे बंद दारावर त्यालाच पुन्हा पुन्हा नेऊन उभं करणं. एक-दोनदा अपयश आल्यावर तोही ‘नंतर’ दाबायला लागतो, आणि लॉगमध्ये पहिल्या गटासारखाच दिसू लागतो. वेगळा ओळखायचा तर मागे जाऊन `install_failed` अशी नोंद शोधावी लागते.

दुसऱ्या गटाचा उपाय सोपा आहे. तपासणी सुरू होताना करण्याऐवजी चालू असताना दर काही तासांनी करायची, आणि सगळे संगणक एकाच मिनिटाला सर्व्हरवर येऊन आदळू नयेत म्हणून वेळ थोडी पुढे-मागे विखरायची. हे काम सहकाऱ्याने दुपारीच हाती घेतलं. तिसऱ्याचा विचार नंतर करू. खरा डिझाइनचा प्रश्न पहिल्या गटाचा.

१० फेब्रुवारी

आज पहिल्या गटातल्या काही जणांशी फोनवर बोललो. ‘अपडेट का करत नाही’ असं विचारायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं, कारण त्या प्रश्नाला सगळेच ‘वेळ मिळत नाही’ म्हणतात. त्याऐवजी विचारलं, “गेल्या वेळी ती चौकट आली तेव्हा तुम्ही काय करत होता?”

एक बाई म्हणाल्या, “आलेला फोन कानाला होता आणि समोरच्याला माप सांगायचं होतं. तुमची चौकट मध्ये आली. मी काय करणार?” एका गृहस्थांचा प्रश्न अगदी रास्त होता: “दोन मिनिटं लागणार की अर्धा तास, हे तुम्ही कुठे सांगता? दोन मिनिटं म्हणाला असतात तर चहा घ्यायला उठताना लावलं असतं.” तिसऱ्या व्यक्तीने तर सरळ सांगितलं, की मागच्या एका मोठ्या अपडेटनंतर तिची सगळी टूलबार हलली होती आणि अर्धा दिवस बटणं शोधण्यात गेला. तेव्हापासून ती महिन्याअखेरीचं काम संपेपर्यंत कुठल्याही अपडेटला हात लावत नाही. आणि महिनाअखेर संपली की पुढचा महिना सुरू होतो.

हे शेवटचं नवं नाही. व्हॅनिया, रेडर आणि वॉश या संशोधकांनी २०१४ मध्ये विंडोज वापरणाऱ्यांच्या मुलाखती घेऊन हेच दाखवलं होतं: एखाद्या अपडेटने एकदा त्रास दिला की माणूस पुढच्या अपडेटनाही टाळू लागतो, अगदी सुरक्षेच्या असल्या तरी. वापरणाऱ्याला दोन्हीत फरक दिसतच नाही, कारण आपण दोन्हींसाठी तीच चौकट आणि तेच वाक्य वापरतो. आमच्या ४.२.१ ने पडद्यावरचं एकही बटण हलवलेलं नाही. पण हे आम्ही कुठेही लिहिलेलं नाही.

बोलण्यातून तीन शंका पुन्हा पुन्हा वर आल्या: किती वेळ जाईल, माझ्या उघड्या फाइलींचं काय होईल, आणि नंतर सगळं जागच्या जागी असेल का. आमची चौकट एकाचंही उत्तर देत नाही. ती म्हणते, “उत्तम अनुभवासाठी आत्ताच अपडेट करा.”

१२ फेब्रुवारी

एक दिवस ढकलणं समजू शकतो. पण तीन महिने? कुणी ‘मी हे तीन महिने करणार नाही’ असं ठरवत नाही. मग इतका काळ जातो कसा, यावर आज सहकाऱ्यांना एक जुना लेख समजावून सांगितला.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये चालढकलीवर लिहिताना स्वतःचीच गोष्ट दिली आहे. तो वर्षभर भारतात राहिला होता. जोसेफ स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञ मित्राचं कपड्यांचं एक खोकं त्याच्याकडे होतं आणि ते अमेरिकेला पाठवायचं होतं. पाठवायला एक दिवस मोडणार, म्हणून रोज सकाळी उठून तो ठरवायचा, उद्या पाठवू. असे आठ महिन्यांहून जास्त गेले. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, तेही एकाच वर्षी. तेव्हा हा काही मंद बुद्धीचा दोष नाही, हे मला सहकाऱ्यांना सांगायचं होतं.

त्यामागचा हिशेब आकड्यांत मांडला. आकडे मनाचे आहेत, फक्त समजण्यासाठी. धरा, अपडेट करण्याचा त्रास १० आहे, आणि एक दिवस उशीर केल्याचं नुकसान १. आजचा त्रास माणसाला पूर्ण १० जाणवतो. उद्याचा त्रास मात्र अर्धाच जाणवतो. मग आज केलं तर १०, आणि उद्या केलं तर ११ चा अर्धा, म्हणजे साडेपाच. उद्या बरा. उद्या उजाडतो तेव्हा तो ‘आज’ झालेला असतो आणि तोच हिशेब तसाच मांडला जातो. प्रत्येक दिवसाचा निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा वाटतो, बेरीज मात्र कुणीच करत नाही.

आमची चौकट या हिशेबाला रोज खतपाणी घालते. ती रोज तोच प्रश्न नव्याने विचारते, ‘आत्ता की नंतर?’ आणि ‘नंतर’ला कुठलीही वेळ जोडलेली नाही. समजा तिने आजच विचारलं, ‘उद्या संध्याकाळी सहाला की परवा संध्याकाळी सहाला?’ तर दोन्ही त्रास दूरचे, दोन्ही अर्धेच जाणवणारे. ५.५ आणि ६. माणूस उद्याची वेळ घेतो. म्हणजे होकार मागायचा तो भविष्यातल्या ठरलेल्या वेळेसाठी, आणि एकदा मिळाला की ती वेळ आल्यावर पुन्हा विचारायचं नाही.

वेळ नेमकी ठरवून घेण्याचा फायदा इतरत्र मोजलेला आहे. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांवर फ्लूच्या लशीचा प्रयोग केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. पत्रात लस घेण्याची तारीख आणि तास स्वतःच्या हाताने लिहायला जागा दिली, तेव्हा लस घेणाऱ्यांचं प्रमाण साध्या पत्रापेक्षा जास्त निघालं, सुमारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्के. नुसती तारीख लिहायला सांगितल्याने तेवढा ठाम फरक दिसला नाही. आकडा लहान आहे. पण तिथे माणसाला खरोखर उठून जायचं होतं. आपल्याकडे वेळ ठरली की पुढचं काम संगणकच करतो, म्हणून माझी आशा जास्त आहे.

१७ फेब्रुवारी

आजचा सगळा दिवस ‘विचारायचं कधी’ यात गेला. याच प्रश्नावर सगळ्यात जास्त वाद झाला.

ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी गूगल क्रोमच्या अभियंत्यांबरोबर केलेला आणि २०१६ मध्ये आलेला अभ्यास मी समोर ठेवला. माणूस दुसऱ्या कामात असताना सुरक्षेचा संदेश आला तर मेंदू दोन्ही कामं नीट करू शकत नाही, आणि संदेश गाळला जातो. व्हिडिओ पाहताना आलेला संदेश ७९ टक्के लोकांनी दुर्लक्षिला. एखादा कोड एका जागेहून दुसरीकडे नेताना आलेला, ८७ टक्क्यांनी. उलट व्हिडिओ संपल्यावर किंवा काहीतरी लोड होण्याची वाट पाहताना दाखवलेल्या संदेशाकडे लोकांचं लक्ष बरंच जास्त जातं.

आमची चौकट येते ती प्रोग्रॅम उघडताना. म्हणजे माणसाच्या मनात फाइलचं नाव, मापं, फोनवरचा निरोप असं सगळं असताना. याहून वाईट क्षण शोधून सापडला नसता.

एक सहकारी म्हणाला, “मग बंद करताना विचारू. तेव्हा तर काम संपलेलं असतं.” ऐकायला पटतं, पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: खिडकी बंद करायला निघालेल्यांपैकी ७४ टक्क्यांनी संदेशाकडे पाहिलंच नाही. निघालेला माणूस दाराकडे बघत असतो.

इथे थोडा वेळ सगळे गप्प झाले, आणि मग गाठ सुटली. विचारायची वेळ आणि करायची वेळ एक असण्याची गरजच नाही. बंद करतानाचा क्षण वाचायला वाईट आहे, पण अपडेट लावायला उत्तम आहे: फाइली जतन झालेल्या आहेत, माणूस उठतो आहे. तेव्हा विचारायचं ते आमच्या प्रोग्रॅममधल्या नैसर्गिक विसाव्यात, आणि लावायचं ते बंद करताना, काहीही न विचारता.

असा विसावा आमच्याकडे आहे. मोठा आराखडा पीडीएफमध्ये काढायला अर्धं-पाऊण मिनिट जातं. त्या वेळात माणूस प्रगतीच्या पट्टीकडे बघत बसलेला असतो, हातात काही नसतं. त्या पट्टीखाली आपला प्रश्न येईल, चौकट म्हणून वर उडी मारणार नाही. जे कधी पीडीएफ काढत नाहीत त्यांच्यासाठी दुसरा विसावा: फाइल जतन केल्यावर काही काळ माउस-कीबोर्ड शांत राहिला आणि मग पुन्हा हालचाल झाली, की तेव्हा.

२० फेब्रुवारी

मजकूर लिहिला. जुना असा होता:

“नवीन अपडेट उपलब्ध आहे. उत्तम अनुभवासाठी आत्ताच अपडेट करा.” बटणं: ‘अपडेट करा’, ‘नंतर’.

नवा:

“सुरक्षेची एक दुरुस्ती उतरवून तयार आहे. लागायला २ मिनिटांपर्यंत वेळ जाईल. उघड्या फाइली पुन्हा तशाच उघडतील. पडद्यावरचं काहीही हलणार नाही. कधी लावू?” बटणं: ‘आज बंद करताना’, ‘आज संध्याकाळी ६ वाजता’, ‘दुसरी वेळ निवडा’. खाली साध्या अक्षरांत ‘उद्या पुन्हा विचारा’.

शेवटची वाट ठेवायची की नाही यावर बराच खल झाला. मी ठेवा म्हणालो. कुणाला ती खरोखर हवी असते, आणि ती नसली की लोक कोपऱ्यातली फुली शोधतात. फुलीचा अर्थ तर हमखास ‘नको’ असाच असला पाहिजे. २०१६ मध्ये विंडोज १० कडे नेणाऱ्या खिडकीची फुली दाबली तरी ठरलेल्या वेळी अपग्रेड होत असे, लोक भडकले, आणि टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टला ते बदलावं लागलं. अशा एका खेळीने मिळालेला होकार पुढच्या सगळ्या अपडेटचा विश्वास खाऊन टाकतो. १० तारखेच्या त्या टूलबारवाल्या बाईंची आठवण करून द्यावी लागली नाही.

‘उघड्या फाइली पुन्हा तशाच उघडतील’ हे वाक्य खरं करायला कोडमध्ये काम आहे: कुठल्या फाइली, कुठल्या पानावर, किती झूमवर, आणि जतन न केलेला भाग वेगळ्या प्रतीत. ते होईपर्यंत हे वाक्य पडद्यावर जाणार नाही, असं लिहून घेतलं.

२६ फेब्रुवारी

‘२ मिनिटांपर्यंत’ हा आकडा कुठून आला? आमच्या टेबलावरच्या वेगवान संगणकावर याच्या निम्मा वेळही लागत नाही. पण सरासरी लिहिली तर जवळपास अर्ध्या लोकांच्या बाबतीत आपण खोटे ठरतो, आणि जुन्या फिरत्या डिस्कवाल्यांच्या बाबतीत तर वाईट खोटे. म्हणून हळू संगणकावर मोजून, तोच वरचा आकडा लिहिला. त्याच्या आत काम झालं तर कुणी तक्रार करत नाही.

मुळात हा वेळ कमी करणं हेच अर्धं डिझाइन आहे. अँड्रॉइडने ७.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, यासाठी दोन कप्प्यांची सोय दिली: फोन एका कप्प्यातून चालत असतो, नवी प्रणाली मागे दुसऱ्या कप्प्यात लिहिली जाते, आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला फक्त एक रीस्टार्ट येतो. शिवाय नवी प्रणाली उठली नाही तर जुना कप्पा तसाच शाबूत असतो. आम्ही त्याचीच छोटी आवृत्ती करतोय. फाइली मागे उतरवायच्या, त्यांची डिजिटल सही तपासायची, शेजारच्या फोल्डरमध्ये मांडून ठेवायच्या, आणि बंद करताना फक्त अदलाबदल. मग ‘उतरवून तयार आहे’ हे म्हणता येतं. माणसाला फक्त शेवटच्या पायरीबद्दल विचारायचं. डिस्कवर जागा नसेल तर तेही मागेच कळतं. मग प्रश्न विचारायचाच नाही, ‘इतकी जागा मोकळी करावी लागेल’ एवढंच सांगायचं.

४ मार्च

मुदतीचा प्रश्न. ‘उद्या पुन्हा विचारा’ कितीही वेळा दाबता येत असेल, तर खोकं आठ महिने पडून राहणार.

इतरांनी काय केलं आहे ते पाहिलं. क्रोमच्या कोपऱ्यातलं चिन्ह अनेक वर्षं असं बदलायचं: अपडेट येऊन दोन दिवस झाले की हिरवं, चार दिवसांनी नारिंगी, सात दिवसांनी लाल. काम कुठेही अडत नाही, पण दिवस मोजले जाताहेत हे दिसतं. संस्थांच्या प्रशासकांना त्यापुढे जाऊन ठराविक काळानंतर सक्तीने रीस्टार्ट करायचं धोरण लावता येतं.

मुदत किती असावी याचा अंदाज धोक्याकडे बघून करायचा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या प्रोग्रॅमने ज्या त्रुटीचा वापर केला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने MS17-010 या नावाने १४ मार्च २०१७ ला दिली होती. हल्ला १२ मे ला झाला. मध्ये ५९ दिवस. तिथे अडकलेल्यांत मोठमोठ्या संस्थांची यंत्रं होती, आणि त्यांची कारणं एका बटणापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची होती. तरी दोन महिने हा काळ हल्लेखोराला पुरतो, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. दुरुस्ती बाहेर पडली की भोक कुठे होतं हे जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून कुणालाही शोधता येतं. उशिराची किंमत दुरुस्ती आल्या दिवसापासून वाढू लागते.

ठरलं ते असं. सुरक्षेच्या दुरुस्तीला १४ दिवस. पहिल्या आठवड्यात फक्त विसाव्यातला प्रश्न. दुसऱ्या आठवड्यात मेन्यूजवळ एक ओळ, ‘१८ तारखेला बंद करताना लागेल’, अशी तारखेसकट. त्या तारखेनंतर पहिल्यांदा प्रोग्रॅम बंद होईल तेव्हा न विचारता लागेल. नव्या सोयींच्या आवृत्तीला मुदत नाही, ती ज्याला हवी तेव्हा त्याने घ्यावी. आणि कितीही मुदत उलटली तरी चालू काम आम्ही मध्येच बंद करणार नाही. यावर सुरक्षेचं काम पाहणारा सहकारी नाराज आहे. त्याचं म्हणणं, जो प्रोग्रॅम बंदच करत नाही त्याचं काय? मुद्दा बरोबर आहे, तोडगा अजून नाही.

१२ मार्च

४.२.२ ही सुरक्षेचीच आवृत्ती आज गेली. संगणकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग केले. अर्ध्यांना जुनी चौकट, अर्ध्यांना नवा प्रश्न. मुदत दोघांनाही तीच, नाहीतर फरक कशाचा हे कळणार नाही. दर काही तासांची तपासणीही दोघांना नवीच.

१८ मार्च

पहिली अडचण, आणि तीही आम्हाला आवडलेल्या बटणाचीच. ‘आज संध्याकाळी ६ वाजता’ निवडणाऱ्यांपैकी काहींचं अपडेट लागलंच नाही. कारण साधं: साडेपाचला लॅपटॉप मिटला, सहा वाजता यंत्र झोपेत. सकाळी झाकण उघडल्यावर प्रोग्रॅमला कळलं की वेळ चुकली, आणि त्याने इमानदारीत पुन्हा विचारलं. म्हणजे ज्याने होकार दिला होता त्यालाच सकाळच्या घाईत तोच प्रश्न परत.

दिलेला होकार यंत्र झोपलं म्हणून रद्द होऊ नये. आता वेळ चुकली तर होकार तसाच राहतो आणि पुढच्या सोयीच्या क्षणी वापरला जातो: सगळ्या फाइली जतन केलेल्या असताना यंत्र २० मिनिटं शांत राहिलं तर तेव्हा, किंवा प्रोग्रॅम बंद होईल तेव्हा. परत आल्यावर वरच्या पट्टीत एकच ओळ, ‘काल ठरल्याप्रमाणे दुरुस्ती लागली’. बॅटरी कमी असेल तर थांबायचं. मुदतीबद्दल सहकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नालाही हाच दरवाजा मिळाला. प्रोग्रॅम कधीच बंद न करणाऱ्यांना मुदतीनंतरच्या पहिल्या शांत वीस मिनिटांत लागेल. त्याची नाराजी निम्मी गेली.

२५ मार्च

निकाल मोजायच्या पद्धतीवर आज भांडण झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

कुणीतरी तक्ता आणला: ‘ज्यांनी अपडेट केलं त्यांना सरासरी किती दिवस लागले’. त्यात जुनी चौकट जिंकत होती! कसं, ते फळ्यावर पाच-पाच काल्पनिक संगणक मांडून दाखवलं. प्रयोग ४० दिवस चालला असं समजू. नव्या प्रश्नाच्या गटात तिघांनी ३, ५ आणि ६ व्या दिवशी अपडेट केलं, दोघं ४० दिवसांनंतरही बाकी. जुन्या गटात दोघांनी ३ आणि ५ व्या दिवशी केलं, तिघं बाकी. केलेल्यांची सरासरी काढली तर नवा गट ४.७ दिवस, जुना गट ४ दिवस. जुनं चांगलं! कारण जुन्या चौकटीने फक्त मुळात उत्साही असलेल्यांनाच हलवलं, आणि बाकीचे हिशेबातूनच गळाले.

ज्यांनी अजून केलेलं नाही त्यांचा आकडा आपल्याला माहीत नाही असं नाही, तो ‘४० पेक्षा जास्त’ आहे. त्यांना धरून मधला संगणक बघायचा. नव्या गटात मधला ६ व्या दिवशी झाला. जुन्या गटात मधला ४० दिवसांनंतरही बाकी आहे. यापुढे प्रत्येक तक्ता असाच: आवृत्ती बाहेर पडल्यापासून दर दिवशी किती संगणक अजून बाकी, ती उतरती रेघ. ‘अपडेट करा’ बटण किती जणांनी दाबलं हा आकडा तक्त्यातून काढून टाकला, कारण तिसरा गट तेच बटण दाबून अपयशी ठरत होता.

आमच्या खऱ्या रेघेत नव्या प्रश्नाची बाजू पहिल्या दोन-तीन दिवसांतच खाली उतरते. निवडल्या गेलेल्या बटणांत ‘आज बंद करताना’ सगळ्यात पुढे आहे, आणि उत्तर द्यायला लागलेला वेळ बहुतेकदा काही सेकंदांचा आहे, म्हणजे लोक वाचताहेत. पीडीएफच्या पट्टीखालचा प्रश्न शांततेनंतरच्या प्रश्नापेक्षा चांगला चालतो. शांततेनंतर परतलेल्या माणसाच्या डोक्यात बहुधा काहीतरी करायचं आधीच असतं. त्यामुळे तो दुसरा विसावा मला आता तितकासा पटत नाही, छपाईची वाट पाहतानाचा क्षण घेऊन बघायला हवा.

एक शंका आहे ती इथेच लिहून ठेवतो. नवी गोष्ट नवी असते तोवर नजरेत भरते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्याच मेंदूच्या छायाचित्रणाच्या अभ्यासात सुरक्षेची तीच सूचना दुसऱ्यांदा दिसल्यावरच मेंदूचा प्रतिसाद घसरलेला दिसला होता. तेव्हा हा फरक ४.२.३ आणि त्यापुढच्या आवृत्तीतही टिकतो का, ते बघितल्याशिवाय कुणाला आकडे द्यायचे नाहीत. आमचा बचाव एवढाच, की बहुतेकांना हा प्रश्न एका आवृत्तीत एकदाच दिसतो, कारण उत्तर दिलं की तो परत येत नाही.

२ एप्रिल

मुदत उलटली. रेघेच्या शेवटी जे उरले आहेत त्यांना आज पुन्हा वेगळं केलं. पुढे ढकलणारे जवळजवळ संपले. उरले ते मुख्यतः तिसऱ्या गटातले: खात्याला इन्स्टॉलचा अधिकार नाही, किंवा एकच संगणक अनेक जण वापरतात आणि जो प्रश्न पाहतो त्याला ‘हे माझं काम नाही’ असं वाटतं, आणि ते बरोबरही आहे.

यांना विचारणं थांबवायचं. अधिकार नाही हे प्रोग्रॅमला आधीच तपासता येतं. ते दिसलं तर प्रश्न न दाखवता संस्थेच्या संगणक-व्यवस्थापकाकडे यादी जाईल: कुठल्या यंत्रावर कुठली आवृत्ती, दुरुस्ती कधीपासून थांबली आहे. व्यवस्थापकाचा पत्ता नोंदलेला नसेल तिथे समोरच्या माणसाला एकच वाक्य: ‘ही दुरुस्ती लावायला व्यवस्थापकाची परवानगी लागेल’, आणि खाली त्यांना पाठवायचा तयार मजकूर, कॉपी करण्यापुरता. त्याचा मसुदा सोमवारपर्यंत सपोर्टकडे द्यायचा आहे. व्यवस्थापक मंडळींना पहिला प्रश्न कुठला पडतो ते त्यांना जास्त माहीत.